दरमहा ठरलेला माल देऊन भाडं कमी कसं करून घ्यावं

वाहतूकदाराकडे दर कमी करून घ्यायला गेलेली माणसं बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन जातात: ‘आमचा वर्षाला एवढा माल आहे, भाडं किती कमी कराल?’ समोरचा थोडं कमी करतो. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माल कमी पडतो, सवलत बंद होते, वर कमी मालाचा दंडही बिलात येतो. वर्ष संपताना हिशेब केला की आधीच्याच दरात राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटायला लागतं.

चूक पहिल्या वाक्यातच झालेली असते. वाहतूकदाराचा खर्च वर्षाच्या बेरजेवर चालत नाही, एकेका फेरीवर चालतो. गाडीचा हप्ता, चालकाचा पगार, रस्त्याचा टोल हे माल कमी असला म्हणून कमी होत नाहीत. डिझेलही फार वाचत नाही. नऊ टनांच्या गाडीच्या एका फेरीचा खर्च १०० धरा. पाच टन भरती असेल तर टनामागे २० पडतात, आठ टन असेल तर साडेबारा. त्यात गाडी कोणत्या दिवशी भरणार हे त्याला आठवडाभर आधी कळलं, तर तो पलीकडच्या टोकाला परतीचा माल बोलून ठेवू शकतो आणि गाडी रिकामी आणावी लागत नाही. तुमच्या सवलतीचा पैसा या दोन ठिकाणांहून येतो. म्हणून बोलणीची सगळी तयारी त्याच दिशेने करायची.

खाली एका मार्गाचं उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. एका कारखान्याचा माल दर महिन्याला एका दूरच्या गोदामात पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत, जातो, असं समजू. दोन-तीन मार्ग असतील तर प्रत्येकासाठी हे वेगळं करा. सगळ्या मार्गांची बेरीज करून एकच आकडा दिलात, तर वाहतूकदाराला त्यावरून एकही गाडी ठरवता येत नाही.

## टप्पा १: बारा महिन्यांचा माल मांडा

डिस्पॅचच्या नोंदी किंवा बिल्ट्या, म्हणजे वाहतूकदाराने मालासाठी दिलेल्या पावत्या, काढा. विक्रीच्या आकड्यांवरून टनेज काढू नका. विक्री एका महिन्यात दिसते आणि माल दुसऱ्या महिन्यात गेलेला असतो. आपल्या उदाहरणातल्या मार्गावर बारा महिन्यांत गेलेला माल टनांत असा आहे:

४२, ३८, ४५, ४०, ३६, ३१, ४४, ४७, ३९, ४१, ४३, ३४

बेरीज ४८० आणि सरासरी ४०. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘महिन्याला ४० टन’ असं सांगून येतात. पण याच यादीत ४० च्या खाली गेलेले महिने मोजा: ३८, ३६, ३१, ३९, ३४. बारापैकी पाच. म्हणजे सरासरीचं वचन दिलं, तर जवळजवळ दर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते मोडणार आहे, आणि हे तुम्हाला सही करण्याआधीच दिसत होतं.

महिन्यांच्या खाली आठवडेही मांडा. खरा प्रश्न अनेकदा तिथे सापडतो. ४० टनांच्या महिन्यात आठवड्यांचे आकडे ६, ७, ९ आणि १८ असे असतील, तर वाहतूकदाराच्या दृष्टीने तो ठरलेला माल नाही. पहिले दोन आठवडे त्याची गाडी पूर्ण भरणार नाही आणि चौथ्या आठवड्यात त्याला एकदम दोन गाड्या शोधाव्या लागणार. महिनाअखेरीला विक्रीचं लक्ष्य गाठायची धावपळ हे याचं नेहमीचं कारण असतं.

तपासा: यादीतला एखादा महिना फार मोठा दिसत असेल, तर तो एकदाच मिळालेल्या मोठ्या ऑर्डरमुळे आहे का ते बघा. असेल तर तो माल वजा करून मगच पुढे जा.

## टप्पा २: वचन किती द्यायचं ते ठरवा

वचनाचा आकडा सरासरीवरून काढू नका, तळावरून काढा. आपल्या यादीत सर्वांत कमी महिना ३१ टनांचा आहे, त्याच्या वरचा ३४ चा. नऊ टनांच्या गाडीत आठ टन भरती धरली आणि आठवड्याला एक गाडी म्हटलं, तर महिन्याला चार फेऱ्यांचे ३२ टन होतात. बारापैकी अकरा महिने हा आकडा सहज ओलांडलेला आहे आणि उरलेल्या एका महिन्यात फक्त एक टन कमी पडला आहे. म्हणून वचन ३२ टनांचं.

यावर हमखास येणारी शंका अशी की, ४० ऐवजी ३२ सांगितले तर सवलत कमी मिळेल ना? थोडी कमी मिळेल, हे खरं आहे. पण वाहतूकदार ३२ टनांकडे ‘दर आठवड्याला एक भरलेली गाडी’ म्हणून बघतो आणि त्यावर तो खरोखर गाडी लावू शकतो. ४० चा आकडा ऐकून तो मनातल्या मनात आपणच ३० धरतो, कारण फुगवलेले आकडे तो रोज ऐकत असतो. वरच्या मालासाठी वेगळी पायरी मागा: महिन्यात ४० टनांच्या पुढे गेल्यास त्या वाढीव मालाला आणखी थोडा कमी दर. म्हणजे चांगल्या महिन्याचा फायदाही मिळतो आणि कमी महिन्याची भीतीही राहत नाही.

सावधान: पुढच्या वर्षी धंदा वाढणार आहे या भरवशावर वचन वाढवू नका. वाढला तर वरची पायरी आहेच.

## टप्पा ३: आठ आठवडे अंदाज लिहून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. मला विचाराल तर बोलणीत सर्वांत जास्त वजन यालाच असतं.

दर आठवड्याला एक दिवस ठरवा, समजा गुरुवार. त्या दिवशी दुपारपर्यंत पुढच्या आठवड्यात या मार्गावर किती टन जाणार ते एका वहीत लिहा. आठवडा संपला की प्रत्यक्ष गेलेला माल त्याच्या शेजारी लिहा. असं आठ आठवडे करा. वाहतूकदाराला यातलं काहीही सांगायचं नाही.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक दहा टक्क्यांच्या आत किती वेळा राहिला ते मोजा. आठपैकी तीन-चारच वेळा राहिला असेल, तर बोलणीला जाऊ नका, आधी घरचं बघा. माझ्या अनुभवात कारण बहुतेक वेळा एकच निघतं: ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ ठरलेली नसते. गाडी अर्धी भरून झाल्यावर विक्री विभागाचा फोन येतो, ‘हे पाच नगही आजच घाला’, किंवा ‘तो माल थांबवा, गिऱ्हाईक म्हणतंय पुढच्या आठवड्यात’. बुधवारी संध्याकाळनंतर आलेली ऑर्डर पुढच्या गाडीत जाईल, एवढा एक नियम लागू केला तरी आकडे सरळ होऊ लागतात. पण तो नियम डिस्पॅचच्या माणसाने एकट्याने लावून टिकत नाही. विक्री विभागाच्या प्रमुखाला सोबत बसवून, किती भाडं वाचणार ते दाखवून, त्याच्या तोंडून तो जाहीर करून घ्या.

आठपैकी सहा-सात आठवडे दहा टक्क्यांच्या आत आले की ती वही बैठकीत दाखवण्याजोगी झाली.

## टप्पा ४: आज खरोखर किती देता ते काढा

दरपत्रकावरचा दर आणि बिलाची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या तीन महिन्यांची बिलं घ्या, एकूण रकमेला एकूण वजनाने भागा आणि १०० किलोमागे खरा खर्च काढा. मग तो सुटा करा. चलन कुठलंही असो, मूळ भाडं १०० धरून आपल्या उदाहरणात तो असा निघतो:

- मूळ भाडं १००
- इंधन अधिभार, मूळ भाड्यावर २० टक्के: २०
- हमाली ६, बिल्टीचा खर्च ४
- एकूण १३०

आता दोन जागा दाखवतो, जिथे सवलत हातात येऊन निसटते.

पहिली जागा इंधन अधिभाराची. वाहतूकदाराने मूळ भाड्यावर दहा टक्के सवलत दिली, तर मूळ भाडं ९०, त्यावर अधिभार १८, बाकीचे १०, एकूण ११८. म्हणजे प्रत्यक्ष बचत दहा टक्के नव्हे, नऊच्या आसपास. हे चालण्यासारखं आहे. पण नव्या करारात अधिभार २० चा २६ टक्के झाला, तर ९० वर २३.४ आणि वर १०, एकूण १२३.४. बचत आता पाच टक्क्यांवर आली. सवलतीचं पत्र मात्र दहा टक्केच सांगतं.

दुसरी जागा घनफळी वजनाची. हलका पण मोठा माल असेल, तर वाहतूकदार खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून एका ठरावीक भाजकाने भागतो. येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर तेच आकारतो. ६० × ५० × ४० सेंटिमीटरच्या खोक्याचं घनफळ १,२०,००० होतं. भाजक ६००० असेल तर वजन २० किलो, ५००० असेल तर २४ किलो. खोकं प्रत्यक्षात १८ किलोचं आहे. आता दर दहा टक्के कमी झाला, पण भाजक ६००० चा ५००० झाला, तर २४ किलोवर ०.९ दर म्हणजे जुन्या हिशेबाने २१.६ किलोचे पैसे. आधी २० चे देत होता. दर घसरला आणि खर्च आठ टक्के वाढला.

तपासा: प्रत्येक नव्या कोटेशनवर मागच्या महिन्याची दहा खरी बिलं पुन्हा बसवून बघा. दरांची तुलना करू नका, या दहा बिलांच्या बेरजेची करा.

## टप्पा ५: वाटाघाटीची खालची हद्द शोधा

किती टक्के मागायचे हे मनाने ठरवू नका. बाजारातून त्याच मार्गावर नऊ टनांच्या पूर्ण गाडीचा एका फेरीचा दर विचारा, दोन-तीन ठिकाणी. समजा तो आपल्या मोजमापात ८,४०० आला. आठ टन भरतीला भागलं की १०० किलोमागे १०५ होतात. तुमचा आजचा पार्ट लोडचा खर्च १३० आहे. वाटाघाटी या १०५ आणि १३० च्या दरम्यान होणार. १०५ च्या खाली मागणं म्हणजे वाहतूकदाराला तोट्यात गाडी चालवायला सांगणं आहे. तो एखादेवेळी हो म्हणेलही, पण मग घाईच्या दिवशी तुमच्या दारात गाडी लागणार नाही.

माल पलीकडे एकाच गोदामात उतरणार असेल, तरच ही तुलना सरळ आहे. पाच ठिकाणी वाटायचा असेल, तर त्या वाटपाचा खर्च १०५ मध्ये मिळवा.

उदाहरणात मागणी ११२ पासून सुरू करून ११८ च्या आसपास थांबणं रास्त ठरेल.

## टप्पा ६: बैठकीत कोणत्या क्रमाने बोलायचं

बैठक गाड्यांचं नियोजन करणाऱ्या माणसाबरोबर हवी. नुसता विक्री प्रतिनिधी आला, तर त्याच्या हातात ठरावीक टक्के असतात आणि तो तेवढेच देऊन उठतो. ठरलेल्या दिवसाची किंमत नियोजनवाल्याला कळते.

आधी मालाची घडी दाखवा: कुठून कुठे, आठवड्याला किती, गाडी भरायला आणि उतरवायला किती वेळ लागतो. मग अंदाजाची वही पुढे ठेवा. मग त्याला विचारा, ‘ठरलेला वार, आठ टन भरती आणि आम्ही दोन तासांत गाडी मोकळी केली, तर तुमची कोणती अडचण कमी होते?’ आणि गप्प बसा. परतीच्या मालाला कोणता वार सोयीचा पडतो, हे तो स्वतःहून सांगतो. तुमचा मंगळवार आणि त्याचा बुधवार असेल, तर वार बदलणं तुम्हाला जवळजवळ फुकट आहे आणि त्याला पूर्ण फेरीच्या तोलाचं. दराचा विषय यानंतर काढा, आणि काढताना एकूण खर्चाचा काढा: ‘१०० किलोमागे सगळं धरून ११२.’

एखादी अडलेली बोलणी सोडवायला पैसे लवकर देण्याची तयारी उपयोगी पडते. पण ती शेवटासाठी राखा, आणि हिशेब विभागाला आधी विचारून घ्या.

सावधान: दुसऱ्या वाहतूकदाराचं कोटेशन टेबलावर फडकावू नका. असेल तर शांतपणे सांगा, नसेल तर असल्याचा आव आणू नका. या धंद्यात ते संध्याकाळपर्यंत कळतं.

## टप्पा ७: करारात कोणते शब्द हवेत

दरावर हात मिळाल्यावर माणसं सैल होतात. पुढचं नुकसान तिथून सुरू होतं. पाच गोष्टी लेखी घ्या.

कमी मालाचा हिशेब महिन्याचा नको, तिमाहीचा हवा. आपल्या यादीतली दुसरी तिमाही बघा: ४०, ३६, ३१. महिन्याने मोजलं तर ३१ चा महिना वचन मोडतो. तिमाहीने मोजलं तर १०७ टन होतात, आणि वचन आहे ९६ चं. चारही तिमाह्या त्या आकड्याच्या वर आहेत. एका शब्दाचा फरक आहे.

माल तिमाहीतही कमी पडला तर काय होईल, तेही ठरवा. न गेलेल्या मालाचं पूर्ण भाडं द्यायचं कलम स्वीकारू नका. त्या तिमाहीपुरता जुना दर लागू होईल, इथपर्यंत ठीक आहे.

गाडी लागलीच नाही, तर ती फेरी तुमच्या वचनातून वजा झाली पाहिजे. हे कलम नसेल, तर वाहतूकदाराने गाडी दिली नाही म्हणून तुमचा माल पडून राहतो आणि कमी मालाचा दोषही तुमच्याच माथी येतो. ठरलेल्या वेळेनंतर किती तासांनी ‘गाडी लागली नाही’ असं धरायचं, तो आकडा लिहून घ्या.

इंधन अधिभार कोणत्या दिवशीच्या डिझेलच्या दरावर आधारलेला आहे आणि तो दर किती हलला की अधिभार किती हलेल, हे दोन्ही बाजूंनी लिहा. वाढताना जसा वाढतो तसाच उतरताना उतरला पाहिजे. घनफळाचा भाजक, बिल्टीमागे किमान आकारणी वजन आणि हमाली करारभर बदलणार नाही, हेही त्याच पानावर.

शेवटचं कलम तुमच्यावरचं. पुढच्या आठवड्याचा अंदाज गुरुवारी दुपारपर्यंत द्याल आणि गाडी किती वेळात मोकळी कराल, ते लिहून द्या. त्याने न मागता दिलंत तर बाकीची चार कलमं सोपी जातात.

## टप्पा ८: पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यातलं प्रत्येक बिल तपासा, एकही सोडू नका. नवे दर बिलिंगच्या यंत्रणेत भरायचे राहून जाणं किंवा एका मार्गाला लागून दुसऱ्याला न लागणं हे नेहमी घडतं. तपासताना आकारलेलं वजन, अधिभाराचा टक्का आणि किमान वजन या तीन जागी आधी बघा. चूक सापडली की त्याच आठवड्यात लेखी कळवा. सहा महिन्यांचा फरक एकदम मागितला की वाद होतो.

अंदाजाची वही चालू ठेवा, त्यात गाडी लागल्याची वेळ आणि मोकळी झाल्याची वेळ अशा दोन रकान्यांची भर घाला. महिन्यातून एकदा नियोजनवाल्याबरोबर वीस मिनिटं बसून ती वही दोघांनी मिळून बघा. माल कमी होणार असं दिसत असेल, तर त्याला महिनाभर आधी सांगा, मग तो ती गाडी दुसरीकडे लावू शकतो. आधी सांगितलेल्या कमी मालावर मी आजवर दंड लागलेला पाहिलेला नाही. न सांगितलेल्यावर पाहिला आहे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी टप्पा ४ चा हिशेब पुन्हा करा: तीन महिन्यांची बिलं, एकूण रक्कम, एकूण वजन, १०० किलोमागे खर्च. आकडा ११८ च्या जवळ असेल तर करार चालू आहे. १२२-१२३ येत असेल तर अधिभार आणि आकारणी वजन यांपैकी एक सरकलेलं आहे, त्या दोन रकान्यांपासून शोधायला लागा.